अंड्याच्या पांढऱ्याने स्टॉक नितळ करायचा तर आधी पसरू द्या, मग शिजू द्या

प्रश्न: चिकन स्टॉक नितळ करायला अंड्याचा पांढरा कडक फेटून उकळत्या स्टॉकमध्ये टाकला. वर थर यायचा सोडून सगळीकडे पांढऱ्या चिंध्या झाल्या आणि स्टॉक आधीपेक्षा गढूळ दिसतोय. तो फेसाळ थर नक्की बनतो कसा आणि गाळ पकडतो कसा? 3 लिटर स्टॉक आहे, परवा म्हापशाला घरी 12 माणसं जेवायला आहेत.

स्टॉक टाकून देऊ नका, तो वाया गेलेला नाही. बारीक गाळणीतून गाळा, टोप बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, उद्या सकाळी त्याच स्टॉकवर काम करायचंय. परवापर्यंत वेळ आहे तुमच्याकडे.

तुमचं चुकलं एकाच जागी, ते म्हणजे अंडं स्टॉकभर पसरायच्या आधीच शिजून गेलं. उकळत्या पाण्यात पांढरा पडला की जिथे पडतो तिथेच क्षणात घट्ट होतो, चायनीजवाले एग ड्रॉप सूप करतात ते ह्याच गुणावर, त्यांना तशाच चिंध्या हव्या असतात. आपल्याला मात्र उलटं हवंय. आपल्याला पांढरा आधी थंड स्टॉकच्या थेंबाथेंबात मिसळलेला हवा, कुठे आहे ते दिसूही नये इतका, आणि मग सगळीकडे हळूहळू एकदमच शिजायला हवा. रापण ओढताना बघितलीय का तुम्ही? होडी घेऊन जाळं आधी लांबवर पाण्यात सोडतात, गोल वेढा घालतात, आणि नंतर दोन्ही बाजूंनी हळूहळू किनाऱ्याकडे ओढत आणतात. जाळं गुंडाळलेलंच पाण्यात फेकलं तर त्यात काय येणार? तुमचा कडक फेटलेला पांढरा असाच गुंडाळलेला होता. पुढे मी जे काही सांगणार आहे, थंड स्टॉक का, मंद आच का, ढवळणं कधी थांबवायचं, ते सगळं ह्या एका गोष्टीवरून येतं.

आता गढूळपणा म्हणजे काय ते बघू, कारण त्याशिवाय जाळं काय पकडतं ते कळत नाही. चिकनची हाडं शिजताना मांसातली आणि रक्तातली काही प्रथिनं पाण्यात येतात आणि गरम झाली की त्यांचे बारीक बारीक कण होतात, मोठे कण मळी होऊन वर येतात ती आपण काढतो, पण त्याहून बारीक जे असतात ते ना वर येत ना खाली बसत, तसेच तरंगत राहतात. त्यात चरबीचे अगदी सूक्ष्म थेंब, विशेषतः स्टॉक जोरात उकळला असेल तर, कारण जोरात उकळताना चरबी फुटून फुटून पाण्यात मिसळते. हे कण इतके लहान असतात की गाळणीतून, अगदी मलमलच्या फडक्यातूनही निघून जातात, पण प्रकाश अडवून विखुरण्याइतके मोठे असतात, म्हणून डोळ्याला स्टॉक धुरकट दिसतो. म्हणजे फडक्यापेक्षा बारीक भोकांची गाळणी पाहिजे, आणि ती आपण टोपातच अंड्यापासून तयार करतो.

अंड्याच्या पांढऱ्यात जवळपास 88 ते 90 टक्के पाणीच असतं, उरलेलं बहुतेक प्रथिनं. ही प्रथिनं कच्ची असताना लोकरीच्या छोट्या गुंड्यांसारखी, आपापली गुंडाळलेली असतात, एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून पांढरा पातळ आणि आरपार दिसतो. गरम केल्यावर गुंडी सुटते, धागे मोकळे होतात आणि शेजारच्या गुंडीच्या धाग्यांना जाऊन धरतात. लाखो गुंड्या अशा एकमेकांत अडकल्या की तिन्ही बाजूंनी पसरलेली एक जाळी तयार होते, आणि त्या जाळीच्या भोकांत तेव्हा जवळपास जे काही असेल ते अडकतं, आपले गढूळ कण, चरबीचे थेंब, सगळं. काही कणांना तर धागे नुसते अडवत नाहीत, चिकटूनच बसतात, कारण ते कणही प्रथिनांचेच असतात.

पण ही सगळी प्रथिनं एकाच तापमानाला सुटत नाहीत, आणि कामाची गोष्ट ही आहे. त्यातलं एक, ओव्होट्रान्सफेरिन नावाचं, साधारण 60 ते 62 अंशाला घट्ट व्हायला लागतं, ते पांढऱ्याच्या प्रथिनांत आठवा हिस्साच असतं. निम्म्याहून जास्त हिस्सा ओव्हाल्ब्युमिनचा, आणि ते 80 अंशाच्या आसपास घट्ट होतं. म्हणजे 60 ते 80 ह्या पट्ट्यात जाळं आधी सैल विणलं जातं आणि मग आवळलं जातं. हा प्रवास हळू झाला तर जाळं मोठं आणि सलग होतं, घाईत झाला तर तुटक गोळे होतात. थंड स्टॉकपासून सुरू करून मंद आचेवर न्यायचं ते ह्यासाठीच.

आता तुमचे 3 लिटर. माझ्या हाताचं प्रमाण असं आहे: 6 मोठ्या अंड्यांचा पांढरा, म्हणजे साधारण 180 ते 200 ग्रॅम. शुक्रवारच्या बाजारातली गावठी अंडी आणणार असाल तर ती लहान असतात, 8 घ्या, किंवा सरळ वजन करा, वजनच खरं. बिबिंक करून पांढरा उरला असेल आणि डबा फ्रीझरमध्ये असेल तर तोही चालतो, फ्रीजमध्ये पूर्ण सुटू द्या आणि वजनाने घ्या. पिवळा अजिबात जाऊ देऊ नका, त्यात चरबी असते आणि आपण ती काढायलाच बसलोय. 400 ग्रॅम चिकन खिमा, छातीचा, कातडी आणि चरबी काढून, जाडसर. एक मध्यम कांदा, एक छोटं गाजर, सेलरीचा एक दांडा, सगळं अगदी बारीक चिरून, एकत्र दीडशे-दोनशे ग्रॅम भरेल. दोन पिकलेले टोमॅटो चिरून. आठ-दहा मिरे, एक तमालपत्र, कोथिंबिरीचे दोन-चार दांडे. आणि अर्धा कप बर्फाचं पाणी. मीठ आता नाही, शेवटी.

खिमा का, असं बरेच जण विचारतात, नुसत्या अंड्याने होत नाही का? नितळ होतो. पण जाळं फक्त नको ते पकडत नाही, चवीचाही काही भाग ओढून घेतं, नुसत्या पांढऱ्याने केलेला स्टॉक नितळ पण फिका लागतो. खिमा ती चव परत देतो. शिवाय खिम्याची स्वतःची विरघळणारी प्रथिनं असतात, ती बर्फाच्या पाण्यात उतरतात आणि अंड्याबरोबर जाळं विणतात, आणि खिम्याचे तंतू जाळ्याला आधार देतात, नाहीतर नुसत्या पांढऱ्याचा थर नाजूक असतो, पळी लागली की फाटतो. भाज्या बारीक चिरायच्या कारण जाड तुकड्याच्या वजनाने थर फाटतो.

टोमॅटो चवीसाठी तर आहेच पण त्याचा आंबटपणा जास्त कामाचा. पांढरा मूळचा अल्कलीकडे झुकलेला असतो, अंडं जितकं जुनं तितका जास्त, आणि त्या स्थितीत प्रथिनांच्या गुंड्यांवर सारखाच विद्युतभार असतो म्हणून त्या एकमेकांना ढकलतात. थोडा आंबटपणा आला की भार कमी होतो, ढकलाढकल कमी होते, गुंड्या जवळ येतात आणि जाळं लवकर आणि घट्ट जमतं. टोमॅटो नसेल तर एक चमचा लिंबाचा रस किंवा माडाचं व्हिनेगर चालेल. कोकमाचं आगळ मात्र घालू नका, आंबटपणा मिळेल पण रंग विरघळलेला असतो, तो कुठल्याच जाळ्यात अडकणार नाही आणि स्टॉक लालसर होऊन बसेल.

पांढरा फेटायचा किती, हा तुमच्या प्रश्नातला दुसरा मुद्दा. काट्याने किंवा व्हिस्कने अर्धा मिनिट, वर साबणासारखा सैल फेस येईपर्यंत, बस. खाली अजून पातळ पांढरा वाहता दिसला पाहिजे. हे फेटणं दोन कारणांसाठी: एक म्हणजे पांढऱ्यातला जाड, लोंबणारा भाग तुटून सगळं एकसारखं पातळ होतं आणि स्टॉकमध्ये मिसळतं, आणि दुसरं म्हणजे त्यात हवेचे थोडे बुडबुडे जातात, ते पुढे थराला वर तरंगत ठेवायला मदत करतात. कडक फेटलात, मेरंगसारखा, तर प्रथिनं फेटण्यानेच बरीचशी उलगडून बुडबुड्यांभोवती अडकून पडतात, तो फेस स्टॉकमध्ये मिसळतच नाही, वर कापसासारखा तरंगतो आणि खालचा स्टॉक गढूळच राहतो. तुमच्याकडे दोन्ही झालं, फेस कडक होता आणि स्टॉक उकळता होता.

तर फेटलेला पांढरा, खिमा, भाज्या, टोमॅटो, मिरे आणि बर्फाचं पाणी एका भांड्यात हाताने चांगलं कालवा, हॉटेलच्या किचनमध्ये ह्याला क्लिअरमीट म्हणतात, आणि झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. तोपर्यंत स्टॉक बाहेर काढा. रात्रभरात वर चरबीचा थर गोठला असेल तो चमच्याने उचलून टाका, राहिलेले पिवळे ठिपके टिश्यूने टिपा. चरबी जास्त राहिली तर जाळं ती पूर्ण सोसत नाही, थर तेलकट आणि सैल होतो. खालचा स्टॉक जेलीसारखा थरथरत असेल तर चांगलं लक्षण आहे, ते जिलेटिन. जिलेटिन गरम केल्यावर अंड्यासारखं घट्ट होत नाही, विरघळलेलंच राहतं, म्हणून जाळ्यातून पार होतं आणि सूपला तोंडात जो भरीवपणा लागतो तो टिकतो. जेली फार घट्ट असेल तर जेमतेम वितळेल इतकंच कोमट करा, हाताला थंडच लागला पाहिजे.

टोप उंच आणि अरुंद घ्या, जाड बुडाचा. पसरट पातेल्यात थर पातळ होतो आणि लगेच फाटतो. थंड स्टॉक टोपात, त्यात क्लिअरमीट घाला, व्हिस्कने नीट मिसळा, मध्यमपेक्षा कमी आचेवर ठेवा आणि आता टोपापासून हलू नका, पुढची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात महत्त्वाची.

ह्या वेळात काय दिसतं ते नीट सांगतो कारण पहिल्यांदा करणारा इथेच घाबरतो. सुरुवातीला टोपात गुलाबी-राखाडी, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी दिसतं, आधीच्या स्टॉकपेक्षा कितीतरी गढूळ. तसंच दिसायला हवं, जाळं पाण्यात पसरलंय म्हणूनच तसं दिसतं. क्लिअरमीट स्टॉकपेक्षा जड असतं, ते बुडाशी जाऊन बसतं, म्हणून लाकडी सपाट उलथन्याने बूड खरवडत सारखं पण सावकाश हलवत राहायचं, इंग्रजी आठच्या आकारात. खाली चिकटून करपलं तर तो वास सगळ्या टोपात उतरतो आणि त्यावर काही इलाज नाही, हे एकच नुकसान असं आहे जे मी कधी दुरुस्त करू शकलो नाही. थर्मामीटर असेल तर 50 अंशापर्यंत हलवत राहा. नसेल तर बोट घालून बघा, आंघोळीच्या कडक पाण्यापेक्षा जरा जास्त गरम, बोट सेकंदभर राहील पण ठेववणार नाही. तेवढ्यात उलथन्याला राखाडी बारीक कण, रव्यासारखे, लागायला लागतात आणि ते वर तरंगायची धडपड करतात. इथे उलथनं बाहेर काढायचं आणि परत आत घालायचं नाही.

का थांबायचं? कारण ह्यापुढे 60 च्या आसपास गुंड्या एकमेकींना धरायला लागतात, आणि धरताना हलवलंत तर विणलेलं तोडून टाकता. तुटलेले तुकडे परत जुळत नाहीत, एकदा शिजलेलं प्रथिन परत कच्चं होत नाही. म्हणूनच तुमच्या टोपातल्या चिंध्यांचा आता काही उपयोग नाही आणि उद्या ताजा पांढराच घ्यावा लागेल.

हलवणं थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत कण वर जमायला लागतात. आधी कडेला, मग मधे, राखाडी साय धरल्यासारखं होतं, मग ती जाड होते, फेसाळ दिसते, खिमा-भाज्या त्यातच अडकून वर येतात. शिजलेलं प्रथिन तसं पाण्यापेक्षा किंचित जडच असतं, स्वतःहून तरंगलं नसतं, पण त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, थोडी चरबी आणि बुडाकडून वर चढणारा गरम स्टॉक हे सगळं मिळून त्याला वर ढकलतात आणि धरून ठेवतात. वर येता येता ते टोपाच्या पूर्ण उंचीतून कण गोळा करत येतं, रापणीचं जाळं किनाऱ्याकडे येतं तसंच. ह्यालाच राफ्ट म्हणतात, तराफा, आणि खरंच दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा तराफा असतो तो, पळीने हलकेच दाबला तर स्पंजासारखा दबून परत येतो.

पण अर्धं काम अजून बाकी असतं. वर येताना जे सुटलं ते आता गाळायचंय, आणि त्याला स्टॉक राफ्टमधून फिरला पाहिजे. आच अशी ठेवा की एका बाजूला, राफ्टच्या कडेशी, दोन-तीन सेकंदाला एक बुडबुडा फुटावा, पाणी 85 ते 90 अंशावर. बहुतेक वेळा राफ्टला कुठेतरी आपोआप चीर पडते. नसेल पडली तर पळीच्या टोकाने कडेला, लिंबाएवढं भोक पाडा. त्या भोकातून वाफेला वाट मिळते, नाहीतर ती खाली कोंडते आणि राफ्ट फोडून बाहेर येते. त्याच भोकातून दर दहा मिनिटांनी एक पळी स्टॉक काढा आणि राफ्टवर अलगद सोडा. तो स्टॉक जाळीतून झिरपत खाली जातो, म्हणजे परत गाळला जातो, आणि राफ्टचा वरचा भाग ओला राहतो. तो कोरडा पडला तर तडकतो.

भोकातून आत बघत राहा, मला स्वतःला हा भाग फार आवडतो. पहिल्या दहा मिनिटांत आत अजून धूसर दिसतं, काही कण इकडेतिकडे फिरताना दिसतात. वीसेक मिनिटांनी खालचा स्टॉक सोनेरी दिसायला लागतो. चाळीस मिनिटांनी टॉर्च धरला तर उजेड खोलवर सरळ उतरतो, मधे धुरासारखं काही दिसत नाही. तुमच्या 3 लिटरला 45 मिनिटं ते तासभर पुरे, तासाच्या वर ठेवण्यात अर्थ नाही, राफ्ट जास्त शिजून चरचरीत होतं, आतलं पाणी सोडतं आणि त्याचे तुकडे खाली गळायला लागतात. खात्री करायची तर पांढऱ्या बशीत चमचाभर घेऊन बघू नका, तितक्या पातळ थरात काहीही नितळ दिसतं. खोल पांढऱ्या वाडग्यात चार बोटं स्टॉक घ्या, तळाशी धुतलेलं रुपयाचं नाणं टाका. नाण्यावरचं वर्ष वाचता आलं म्हणजे झालं.

गाळताना घाई नको, आणि टोप वाकडा करून ओतायचा नाही, कधीच नाही. गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा. मलमलचं फडकं, दुमडून तीन पदरी, आधी गरम पाण्यात धुवून पिळून गाळणीत बसवा. फडकं नवं असेल तर त्याला खळ असते, आणि जुनं असेल तर साबणाचा वास, म्हणून साध्या पाण्यात उकळूनच घ्या. मग भोक जरा मोठं करा आणि तिथून छोट्या पळीने एकेक पळी उचलून फडक्यावर सोडा. फडकं पिळायचं नाही, झिरपेल तेवढं झिरपू द्या. तळाशी राफ्ट टेकायला लागलं की थांबा, शेवटच्या दोन-तीन पळ्या वेगळ्या वाटीत घ्या, त्या पुलावात घाला, त्यांच्या लोभाने सगळा स्टॉक परत धुरकट होतो. वर तेलाचे ठिपके दिसले तर टिश्यू पेपरची पट्टी पृष्ठभागावरून अलगद ओढा, दोन-चार पट्ट्यांत साफ होतं. आता मीठ. 3 लिटरचे तुमच्या हाती साधारण 2.4 लिटर येतील, 12 जणांना 200 मिली एकेक वाडगा, बरोबर पुरतं.

नंतर गरम करताना परत उकळू देऊ नका, वाफ आली की पुरे. आत्ताच खायचं नसेल तर टोप बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर थंड करून फ्रीजमध्ये टाका, आपल्याकडच्या हवेत ओट्यावर रात्रभर ठेवलेला चिकन स्टॉक खराब होतो, चिकनमधली कसलीच भानगड पोटाला नको. आणि पाहुण्यांना सांगा की ह्यात अंडं वापरलंय. वाडग्यात अंड्याचा कण दिसत नाही म्हणून लोक गृहीत धरतात की नाही, पण ज्याला अंड्याची अॅलर्जी आहे त्याला ते कळलंच पाहिजे.

राफ्ट मधेच फुटलं तर काय, हेही सांगून ठेवतो, कारण माझ्यावर ती वेळ आलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या हॉटेलात होतो तिथे रात्रीच्या मोठ्या जेवणाला 20 लिटरचा टोप लावला होता, राफ्ट सुंदर जमलं होतं, आणि मी फोनवर गेलो तेवढ्यात कोणीतरी वेळ होतोय म्हणून आच वाढवली. परत आलो तर राफ्टचा मधला भाग पोळीसारखा फुगलेला, पोचेपर्यंत तो फुटला, खालून पाणी उसळून वर आलं आणि अर्धं राफ्ट उलटं होऊन आत गेलं. एका मिनिटात नितळ होत आलेला स्टॉक परत ताकासारखा. अशा वेळी हलवून काही जमत नाही. गॅस बंद केला, दहा मिनिटं तसंच राहू दिलं म्हणजे मोठे तुकडे एकीकडे जमतात, मग सगळं फडक्यातून गाळलं, बर्फात टोप बुडवून पूर्ण थंड केलं, आणि नव्याने पांढरा, ह्या वेळी लिटरला एकच, आणि थोडा खिमा घेऊन पहिल्यापासून सगळं केलं. बहुतेक गाळ पहिल्या राफ्टनेच नेलेला असतो म्हणून दुसऱ्यांदा कमी पुरतं. दीड तास गेला, सूप उशिरा गेलं, पण नाणं दिसत होतं. तुमच्यासाठी मात्र उद्या पूर्ण 6 घ्या, कारण तुमच्या पहिल्या पांढऱ्याने जाळं विणलंच नाही, त्याने फारसं काही नेलेलं नाही.

हे जाळं कशावर चालत नाही तेही बघून घ्या. स्टॉकमध्ये तांदूळ किंवा बटाटा शिजला असेल, कांज करताना होतं तसं, तर तो गढूळपणा स्टार्चचा, विरघळून फुललेला, तो राफ्टमधून बराचसा निसटून जातो. हळद किंवा मिरचीचा रंग निघत नाही. आणि नारळाचा रस घातलेल्या कशावर तर हा प्रयोग करूच नका, तिथे पांढरेपणा हीच ती वस्तू आहे, आंबट आणि उष्णतेने ती नुसती फाटेल. माशाचा स्टॉक मात्र छान होतो, चोणकाच्या डोक्या-काट्यांचा असेल तर खिम्याऐवजी पांढऱ्या, कमी तेलाच्या माशाचे बारीक तुकडे घ्या आणि राफ्ट जमल्यावर 20 मिनिटांत उतरवा, त्याहून जास्त ठेवू नका. बांगडा, तारली ह्यांचा स्टॉक नको, तेल फार.

उद्या सकाळी टोप गॅसवर चढवाल तेव्हा स्टॉक थंड आहे ना एवढं एकदा बोट घालून बघून घ्या, कोमट वाटला तर परत फ्रीजमध्ये ठेवा आणि तासाभराने सुरू करा.